वर्ष झालं, दिवस राहत नाहीत: डॉक्टरकडे कधी जावं आणि सोबत काय न्यावं?

प्रश्न: माझं वय 31. वर्षभर प्रयत्न करतोय, अजून काही नाही. पाळी चार-पाच दिवस पुढेमागे होते. एकदा एकविसाव्या दिवशी रक्त तपासलं, तर "बीज तयार होत नाही" असं सांगितलं. सासूबाई म्हणतात अजून सहा महिने थांबा. थांबावं का? आणि डॉक्टरकडे जाताना पाळीच्या कोणत्या नोंदी न्याव्यात?

उत्तर: थांबू नका, याच महिन्यात जा. मी स्त्रीरोगतज्ज्ञ आहे. पस्तिशीच्या आतल्या बाईसाठी आम्ही वर्षाची मुदत धरतो आणि तुमची ती संपली आहे. पस्तिशी ओलांडली असेल तर सहा महिने धरतो, आणि चाळिशीनंतर वाट बघायचीच नाही. काही जणींना वयाशी संबंध नसतानाही आधीच यायला सांगते: पाळी कायम 35 दिवसांच्या पुढे जाते किंवा महिनोन् महिने येत नाही, पाळीत उठवत नाही इतकं दुखतं, पूर्वी क्षयरोग झाला होता, अपेंडिक्स फुटलं होतं किंवा नळ्यांचं ऑपरेशन झालंय. आपल्याकडे क्षयरोगाने नळ्या बंद झालेल्या बऱ्याच बघायला मिळतात. तो फुप्फुसाचा होता की आणखी कुठला, हे आठवत नसलं तरी औषधं घेतली होती एवढं सांगा. नवऱ्याचा लहानपणी अंडकोष खाली उतरला नव्हता, मोठेपणी गालगुंड होऊन अंडकोष सुजले होते किंवा तो जिममध्ये कसली इंजेक्शनं घेतो, असं असेल तरीही थांबू नये.

फक्त वर्ष मोजताना प्रामाणिक राहा. तो नोकरीला एका गावी आणि तुम्ही दुसऱ्या, महिन्यातून दोन दिवस भेट, असे महिने त्यात धरता येत नाहीत. दोन-तीन दिवसांआड संबंध आलेत असे महिने मोजा.

आता नोंदी. मला मागच्या निदान सहा पाळ्यांच्या पहिल्या दिवसाच्या तारखा हव्या असतात. पहिला दिवस म्हणजे पॅड लागावं असं रक्त सुरू झालं तो. आदल्या दिवशी नुसते तपकिरी डाग दिसले असतील, तर ते वेगळे लिहा, पाळीत मोजू नका. "साधारण महिन्याला येते" यावरून आम्हाला काहीच कळत नाही. तारखा आठवत नसतील तर भिंतीवरचं कॅलेंडर, मोबाइलवरचे मेसेज, लग्नकार्याचे फोटो बघून जमतील तेवढ्या काढा.

उदाहरणादाखल एक कागद घेते. पहिले दिवस असे आहेत: 4 जानेवारी, 6 फेब्रुवारी, 10 मार्च, 18 एप्रिल, 22 मे, 27 जून. यातलं अंतर झालं 33, 32, 39, 34 आणि 36 दिवस. बीज सुटल्यापासून पुढची पाळी येईपर्यंतचा काळ बहुतेक बायकांत फारसा बदलत नाही, साधारण 12 ते 14 दिवसांचा असतो. कमीजास्त होतो तो त्याआधीचा काळ. म्हणून मोजायचं ते मागून. 14 दिवस धरले तर 32 दिवसांच्या चक्रात बीज अठराव्या दिवसाच्या आसपास सुटलं असेल आणि 39 दिवसांच्या चक्रात पंचविसाव्या. आता या जोडप्याला कुणीतरी बारावा ते सोळावा दिवस सांगितला असेल आणि बाकीचा महिना ते निर्धास्त असतील, तर 36 आणि 39 दिवसांच्या चक्रात त्यांचे चांगले दिवस पूर्ण हुकले आणि बाकीच्या चक्रांत थोडेफार. बीज सुटण्याचा दिवस आणि त्याआधीचे पाच, एवढीच काय ती संधी. म्हणून तारखांच्या शेजारी संबंध कधी आले ते नुसत्या खुणेने का होईना लिहा. लाजू नका, आम्ही रोज तेच विचारतो.

तुमच्या एकविसाव्या दिवसाच्या तपासणीची गंमतही इथेच आहे. ती प्रोजेस्टेरॉनची असणार. हे संप्रेरक बीज सुटल्यानंतर वाढतं आणि पुढच्या पाळीच्या साधारण सात दिवस आधी शिगेला असतं. 28 दिवसांच्या चक्रात तो दिवस एकविसावा येतो, म्हणून तो आकडा सगळीकडे चिकटून बसलाय. वरच्या कागदात 22 मेपासूनचं चक्र 36 दिवसांचं आहे, म्हणजे बीज सुटलं असेल ते 12 जूनच्या सुमारास. एकविसावा दिवस होता 11 जून. त्या दिवशी रक्त घेतलं तर प्रोजेस्टेरॉन कमी येणारच, कारण बीज सुटायचंच होतं. तीच तपासणी 20 जूनच्या आसपास केली असती आणि आकडा 3 नॅनोग्रॅमच्या वर आला असता, तर बीज सुटलं असं म्हणता आलं असतं. पाळी पुढेमागे होणाऱ्या बाईचं रक्त आम्ही थोडं उशिरा घ्यायला लागतो आणि पाळी येईपर्यंत आठवड्याने पुन्हा बघतो. म्हणून तो रिपोर्ट सोबत न्या, पण रक्त कुठल्या तारखेला घेतलं आणि त्यानंतरची पाळी कधी आली, हे दोन्ही त्यावर लिहून ठेवा. या दोन तारखा नसतील तर त्या "बीज तयार होत नाही"ला काही अर्थ नाही. खरंच तयार होत नसेल असंही असू शकतं, ते तेव्हाच ठरेल.

मोबाइलच्या अ‍ॅपमध्ये पाळीच्या तारखा भरत असाल तर त्या दाखवा. पण अ‍ॅप जो बीज सुटण्याचा दिवस रंगवून दाखवतं, तो त्याचा अंदाज असतो. बीज सुटायची वेळ ओळखायचे लघवीवरचे एलएच किट वापरले असतील तर रेघ कुठल्या दिवशी गडद झाली ते लिहा. पीसीओएसमध्ये ते किट कधीकधी उगाच गडद येतं, तेव्हा नुसत्या किटवर विसंबू नका. सकाळी उठल्यावर तापमान मोजत असाल तर तक्ता आणा. नसाल तर आता ते नव्याने सुरू करू नका, मनस्ताप जास्त आणि उपयोग कमी.

एक गोष्ट बायका हमखास सांगायच्या विसरतात: गणपती, सत्यनारायण किंवा लग्नासाठी पाळी पुढे ढकलायच्या घेतलेल्या गोळ्या. तो महिना तुमच्या चक्राचा नव्हेच, गोळ्यांचा. त्याच्यापुढे तसं लिहा. पाळी लांबल्यावर घरी टेस्ट केली असेल तर तिचा निकालही लिहा. फिकी दुसरी रेघ येऊन आठवड्याने खूप रक्त गेलं असेल, तर ती उशिरा आलेली पाळी नसून राहिलेला गर्भ गेलेला असू शकतो, आणि मग आमची तपासणीच वेगळ्या दिशेने जाते.

नोंदी नाहीत म्हणून भेट लांबवू नका. दोन पाळ्यांच्या तारखा असल्या तरी या. बाकीचं सोनोग्राफीवर आणि पाळीच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीच्या रक्ततपासणीवर बघता येतं. भेटीची वेळ घेतानाच विचारा की पाळीच्या कितव्या दिवशी यायचं.

आणि नवऱ्याला पहिल्याच भेटीला न्या. तुमच्या सहा तपासण्या झाल्यावर त्यांची एक, हा क्रम मी फार वेळा बघते आणि तो उलटा आहे. वीर्य तपासणी स्वस्त आहे, सुई नाही, काही नाही. त्याआधी 2 ते 7 दिवस संबंध किंवा हस्तमैथुन नको. नमुना घरी घेणार असाल तर तासाच्या आत, खिशात अंगाच्या उबेला ठेवून लॅबला पोचवायचा. सुरुवातीचा थोडा सांडला असेल तर तसं लॅबमध्ये सांगायला सांगा, कारण बहुतेक शुक्रजंतू त्यातच असतात. रिपोर्ट खराब आला तर लगेच त्यावर निकाल लावायचा नाही. शुक्रजंतू तयार व्हायला साधारण अडीच महिने लागतात, त्यामुळे मध्यंतरी मोठा ताप येऊन गेला असेल तरी आकडे घसरतात. ताप कधी आला ती तारीखही तुमच्या कागदावर असू दे, आणि साधारण तीन महिन्यांनी तपासणी पुन्हा करा. अगदीच शुक्रजंतू नसतील तर मात्र तीन महिने थांबू नका, लगेच दाखवा.