जुनी सीडी नवीपेक्षा हळू आवाजात का वाजते?

तुझा ॲम्प्लिफायर बिघडलेला नाही, दुरुस्तीला नेऊ नकोस. डिजिटल आवाजाला एक कमाल मर्यादा असते, शून्य डेसिबल. १९८५ च्या सुमाराच्या सीडीवर तबल्याची किंवा ड्रमची जोरदार थाप तिथवर जायची, पण बाकी गाणं बरंच खाली असायचं. पुढे नव्वदीत लिमिटर सर्रास आला. तो थापेचं टोक दाबतो, मग सगळंच वर उचलता येतं. टोक तिथंच राहतं, सरासरी मात्र चढते. कानाला जाणवते ती सरासरी.

समज, जुन्या प्रतीची सरासरी उणे १८ डेसिबलवर आणि त्याच गाण्याच्या नव्याने घडवलेल्या प्रतीची, म्हणजे रीमास्टरची, उणे ९ वर आहे. फरक ९ डेसिबलचा, म्हणजे जवळपास दुप्पट जोर वाटतो. साहजिकच नवी प्रत 'भारी' वाटते! म्हणून आधी नवीचा आवाज ९ डेसिबलने उतरव आणि मग ऐक. आता थाप कुठे जास्त उठते? बहुतेकदा जुन्या प्रतीत. नवीत ती बोथट होते, आणि फारच दाबलं असेल तर चरचरते. मेटालिका या बँडच्या २००८ च्या 'डेथ मॅग्नेटिक' या अल्बमवर चाहत्यांनी हीच तक्रार केली होती; गिटार हिरो या व्हिडिओ गेममधली त्याच गाण्यांची प्रत कमी दाबलेली निघाली.

स्पॉटिफाय नेहमीच्या सेटिंगला सगळ्याची सरासरी उणे १४ च्या आसपास आणतं, त्यामुळे तिथं रीमास्टरचा जोर आपोआप उतरतो. जुनं गाणं मात्र टोकांना जागा उरली असेल तेवढंच वर जातं. तेव्हा ते थोडं हळूच राहिलं, तर बटण फिरव.