पितळ पुन्हा भट्टीत घातल्याने ग्रेन बारीक होत नाही

प्रश्न: आम्ही ७०/३० पितळेच्या पत्र्यातून कप ओढतो. पहिल्या ड्रॉनंतर अ‍ॅनील करतो, तरी दुसऱ्या ड्रॉला काही कपांवर संत्र्याच्या सालीसारखा खरखरीतपणा येतो. तो लॉट परत अ‍ॅनील केला तर सुधारेल का? पुस्तकात रिकव्हरी, रिक्रिस्टलायझेशन आणि ग्रेन ग्रोथ असे तीन टप्पे दिलेत, पण आत नेमकं काय होतं ते कळत नाही.

उत्तर:

नाही सुधारणार. पुढच्या ड्रॉला साल बहुतेक आणखी जाड दिसेल. नोकरीच्या पहिल्या वर्षी मीही असाच एक लॉट ‘अजून थोडा मऊ करू’ म्हणून परत भट्टीत घातला होता. सगळा भंगारात गेला.

कप ओढताना प्रेसने केलेलं बहुतेक काम उष्णता होऊन निघून जातं. डायमधून आलेला कप हाताला कोमट लागतो तो त्यामुळेच. उरलेले थोडेसे टक्के धातूत अडकून राहतात, मुख्यतः डिसलोकेशनच्या रूपात. डिसलोकेशन म्हणजे अणूंच्या रांगा जिथे चुकल्या आहेत ती रेषा. चांगल्या मऊ केलेल्या धातूच्या एका घन सेंटिमीटरमधल्या या सगळ्या रेषा एकापुढे एक ठेवल्या तर दहा ते हजार किलोमीटर भरतात. तोच धातू जबर थंड ओढला की हा आकडा दहा लाख किलोमीटरच्या घरात जातो, म्हणजे चंद्रावर जाऊन परत यावं आणि वर दोरी उरावी. पुण्याच्या तांबट आळीत हंडा शेवटी मठारतात, तेव्हा तोही याच गुंत्यामुळे कडक होतो.

इतका गुंता असूनही त्यातली ऊर्जा मात्र किरकोळ असते. तांब्याचा हिशेब सोपा आहे म्हणून तो सांगतो. वरच्या गुंत्यासाठी ती एका मोलला साधारण १० जूल येते. ती सगळी एकदम उष्णता होऊन बाहेर पडली तरी तांब्याचं तापमान अर्धा अंशही चढणार नाही. तुमच्या तिन्ही टप्प्यांचं गुपित या किरकोळपणात आहे: शिल्लक थोडी आहे, आणि ती एकदाच खर्च करता येते.

भट्टी तापू लागली की आधी रिकव्हरी. डिसलोकेशन जागच्या जागी थोडे सरकतात, विरुद्ध चिन्हाचे एकमेकांना खाऊन टाकतात, उरलेले नीट रांगेत बसतात. जुने ताणलेले ग्रेन, म्हणजे धातू ज्यांचा बनलेला असतो ते बारीक स्फटिक, तसेच राहतात. अ‍ॅल्युमिनियममध्ये एवढ्यावरच बराच मऊपणा येतो. पितळेत डिसलोकेशन एका पातळीवरून दुसरीवर सहज जाऊ शकत नाहीत, म्हणून कडकपणा जवळजवळ हलत नाही, कधी किंचित वाढतोसुद्धा. पण आतले ताण उतरतात, आणि ही फार कामाची गोष्ट आहे. ब्रिटिश काळात हिंदुस्थानात लष्कराच्या पितळी काडतुसांना पावसाळ्यात आपोआप चिरा पडत. दमट हवा, तबेल्यातला अमोनिया आणि ओढताना राहिलेले ताण, तिन्ही एकत्र आले की पितळ फुटतं. त्यावर उपाय म्हणून २५० ते ३०० अंशांवर तासभर ठेवतात: ताण जातो, कडकपणा राहतो. म्हणजे रिकव्हरी करायची आणि तिथेच थांबायचं.

त्याच्या वर रिक्रिस्टलायझेशन. निम्मी जाडी कमी केलेल्या पितळेत ते तासाभरात साधारण ३००-३५० अंशांना सुरू होतं. पुस्तकात ‘नवे ग्रेन जन्मतात’ लिहिलेलं असतं, त्याने थोडी दिशाभूल होते. ग्रेनची नवी सीमा तयार करायला ऊर्जा लागते, आणि आपली शिल्लक इतकी तोकडी आहे की मायक्रॉनभर व्यासाचा तुकडा आधीच हजर नसेल तर तो वाढूच शकत नाही. अणूंच्या धडपडीतून एवढा तुकडा योगायोगाने बनणं अशक्य. म्हणून जिथे विकृती, म्हणजे ओढताना धातूचा बदललेला आकार, सर्वांत जास्त आहे, जुन्या सीमांपाशी आणि घसरपट्ट्यांमध्ये, तिथले आधीच असलेले स्वच्छ बारीक कप्पे पुढे सरकतात आणि गुंतलेला धातू गिळत जातात. सीमा पुढून गेली की मागे दहा लाख किलोमीटरची दोरी उरत नाही. कडकपणा दीडशेच्या वरच्या विकर्सवरून सत्तरीच्या आसपास कोसळतो तो इथे.

आता तुमचा प्रश्न. कप जितका जास्त ओढलेला, तितकी गिळायला सुरुवात करणारी ठिकाणं जास्त आणि ग्रेन बारीक. विकृती फक्त काही टक्के असेल तर ठिकाणं मोजकीच असतात, आणि ती एकमेकांना भिडेपर्यंत प्रत्येकजण अवाढव्य होतो. सगळी जागा गिळून झाली की शिल्लक संपली. पुढे उरते ती फक्त सीमांची स्वतःची ऊर्जा: मोठे ग्रेन लहानांना खातात, एकूण सीमा कमी होते. पन्नास मायक्रॉनच्या ग्रेनला हा जोर आधीच्या तिसाव्या भागाइतकाच असतो, म्हणून ग्रेन ग्रोथ संथ चालते, पण तापमान वाढवलं की थांबतही नाही. पोलादात तापवताना रचना बदलते, त्यामुळे तिथे नुसत्या उष्णतेने ग्रेन बारीक करता येतो. ७०/३० पितळेत तसा बदल नाही. बारीक ग्रेन हवा असेल तर आधी थंड काम करूनच शिल्लक पुन्हा जमवावी लागते.

खरखरीतपणा नेमका कुठे आहे ते पाहा. कपभर सगळीकडे असेल तर भट्टी जास्त तापली किंवा माल जास्त वेळ राहिला. ‘काही कपांवर’ म्हणताय, तर ते ट्रेच्या कोणत्या जागेवरचे होते ते शोधा. आमच्याकडे थर्मोकपल भट्टीच्या हवेचं तापमान दाखवायचं. कडेचे कप त्याहून वर जायचे आणि ढिगाच्या मधले मागे राहायचे.

खालच्या बाजूला भिंतीवर एक पट्टाच असेल तर दोष बहुधा भट्टीचा नाही. पहिल्या ड्रॉत कपाचा तळ जेमतेम ताणला जातो, भिंत भरपूर, आणि दोघांमध्ये पंचच्या गोलाईपाशी ‘काही टक्के’वाला वाईट भाग येतो. अ‍ॅनीलमध्ये तिथे ग्रेन जाड होतो. दुसऱ्या ड्रॉचा पंच लहान असतो, त्यामुळे ते कडं तळातून भिंतीत चढतं आणि साल दाखवतं. अशा वेळी तापमान उतरवून पाहा: भिंत रिक्रिस्टलाइझ होईल, पण त्या कड्याची फक्त रिकव्हरी होईल. थोडीच विकृती असलेल्या धातूला सुरुवात करायला जास्त तापमान लागतं, त्याचा फायदा घ्यायचा.

खात्री करायला एक कप उभा कापा, पॉलिश करून फेरिक क्लोराइडने एच करा आणि ७५ पटीत बघा. भिंतीत सरळ कडांचे जोडपट्टे, म्हणजे ट्विन, दिसले तर तिथे रिक्रिस्टलायझेशन झालं आहे. भिंतीत, कड्यावर आणि तळात ग्रेन वेगवेगळे मोजा. ०.०३ मिलिमीटरच्या आसपास असेल तर पृष्ठभाग बरा राहतो, ०.१ च्या पुढे साल येणारच. हातातल्या लॉटला अजून मोठं रिडक्शन बाकी असेल, तर ते देऊन नंतर कमी तापमानाला अ‍ॅनील करा, ग्रेन बारीक होईल. आधीच आलेला खरखरीतपणा मात्र बफिंगनेच घालवावा लागेल.