लेट फीला कमाल मर्यादा आहे, म्हणून भाडं थकवावं का?

प्रश्न: मी डॅलसजवळ एका मोठ्या ॲपार्टमेंट कॉम्प्लेक्समध्ये राहतो. भाडं १,५०० डॉलर, १ तारखेला. नोकरी बदलल्यामुळे या महिन्यात पहिला पगार १५ तारखेला येईल. बँकेत फक्त ९०० डॉलर आहेत. लीजनुसार ४ तारखेला ६० डॉलर लेट फी, मग रोज १० डॉलर, कमाल १५०. मित्र म्हणतो, "एकदा दीडशे झाले की पुढे वाढत नाही, निवांत भर." कार्डाने भरलं तर पोर्टल ३ टक्के जादा घेतं. आत्ता ९०० भरून बाकीचे पगारानंतर भरू, की सगळंच थांबवू?

उत्तर: नमस्कार. तुमचा मित्र आकडे बरोबर सांगतोय, पण त्यांचा अर्थ चुकीचा लावतोय. थांबवू तर नकाच, आणि ९०० भरून बाकीचं १५ तारखेवर टाकण्यातही तुमचा काही फायदा नाही. कारण सांगते.

लीजमधला हा आकार आधी तारखेनुसार मांडून बघा. १, २ आणि ३ तारखेला काहीच लागत नाही. ४ तारखेला एकदम ६० डॉलर. ५ ला ७०, ८ ला १००, आणि १३ तारखेला १५०. तिथून पुढे आकडा स्थिर. म्हणजे १५ तारखेला तुम्ही पूर्ण दीडशेच भराल. दीड हजारांवर दोन आठवड्यांसाठी दहा टक्के! एवढं महाग कर्ज तुम्ही एरवी कुणाकडूनही घेतलं नसतं. आणि यातला सगळ्यात महाग दिवस तो ४ तारखेचा. रोजच्या दहा डॉलरकडे सगळ्यांचं लक्ष जातं, पण खरा खड्डा त्या पहिल्या रात्री आहे. तेव्हा तुमचा सगळा विचार ३ तारखेच्या आत काय करता येईल यावर असायला हवा.

ही रचना टेक्सासच्या कायद्यातूनच आलेली आहे. प्रॉपर्टी कोडच्या कलम ९२.०१९ प्रमाणे भाड्याचा कुठलाही भाग देय तारखेनंतर दोन पूर्ण दिवस थकलेला राहिल्याशिवाय लेट फी घेता येत नाही, आणि फी लीजमध्ये लिहिलेली असावी लागते. पहिल्या दिवसाची फी आणि रोजची फी मिळून एकच लेट फी धरली जाते. चारपेक्षा जास्त घरं असलेल्या इमारतीत ती भाड्याच्या १० टक्क्यांपर्यंत असेल तर कायदा ती वाजवी मानतो. चार किंवा कमी घरं असतील तर १२ टक्क्यांपर्यंत. त्याहून जास्त घ्यायची असेल, तर उशिरामुळे आपलं नुकसान तेवढं होतं हे घरमालकाला दाखवता आलं पाहिजे. तुमचे १५० म्हणजे बरोबर १० टक्के, तेव्हा त्या आकड्यावर भांडण्यात अर्थ नाही. पण बेकायदा लेट फी घेतली गेली तर भाडेकरूला १०० डॉलर, शिवाय त्या फीच्या तिप्पट रक्कम आणि वकिलाचा खर्च मागता येतो, हे लक्षात असू द्या.

आता "कुठलाही भाग" हे शब्द परत वाचा. तुम्ही ९०० भरले आणि ६०० राहिले, तरी भाड्याचा भाग थकलेलाच आहे. तुमच्या लीजमधली ६० आणि १० ही रक्कम ठरावीक आहे, थकलेल्या रकमेच्या प्रमाणात नाही. म्हणून ९०० भरूनही १५ तारखेला फी तीच, दीडशे. खातं मात्र रिकामं.

कमाल मर्यादा फक्त फीची आहे, थकबाकीच्या बाकीच्या परिणामांची नाही, आणि इथेच मित्राचं म्हणणं धोक्याचं ठरतं. ते दोन दिवस लेट फीपुरते आहेत. भाडं देय १ तारखेलाच आहे. थकलं की घर सोडण्याच्या नोटिशीचा मार्ग घरमालकाला मोकळा असतो. प्रकरण कोर्टात दाखल झालं तर पुढच्या घराच्या अर्जाच्या वेळी ती नोंद समोर येऊ शकते. त्यापुढे दीडशे डॉलर किरकोळ आहेत.

दुसरी गोष्ट मी स्वतः भोगलेली. इथे आल्यावर पहिल्या वर्षी एकदा भाडं उशिरा भरलं. पूर्ण भाडं भरलं, लेट फीतले १२ डॉलर राहून गेले. पुढच्या महिन्यात मी १ तारखेला बिनचूक भाडं भरलं आणि तरी ४ तारखेला लेट फी लागली. लेजर उघडल्यावर कळलं: आलेल्या पैशातून आधी जुने १२ वळते झाले होते, म्हणून नव्या भाड्यात १२ डॉलर कमी पडले होते. पैसे आधी इतर थकबाकीत आणि मग भाड्यात जमा करण्याचं कलम टेक्सासमधल्या पुष्कळ लीजमध्ये असतं. तुमच्या लीजमध्ये ते आहे का, आजच बघा.

मग करायचं काय? तुम्ही कार्डाचा विचार संपूर्ण १,५०० साठी करताय, म्हणजे ४५ डॉलर जादा. त्याची गरज नाही. बँकेतले ८०० थेट खात्यातून भरा, १०० हाताशी ठेवा आणि फक्त ७०० कार्डाने भरा. ३ टक्क्यांनी २१ डॉलर होतात. १५ तारखेपर्यंतचा किराणा, पेट्रोल कार्डावर घ्या. साधारणपणे तिथे जादा आकार लागत नाही, म्हणून रोख पैसा भाड्याकडे वळवणं फायद्याचं. मागचं बिल तुम्ही पूर्ण भरलेलं असेल आणि हेही बिल मुदतीत पूर्ण भरलंत, तर व्याज शून्य. आधीची बाकी चालू असेल आणि दर २४ टक्के धरला, तर ७०० वर रोज साधारण ४६ सेंट, दोन आठवड्यांचे साडेसहा डॉलरच्या आसपास. तरीही आधीचे २१ धरून एकूण २८ च्या आतच. मात्र कार्डावर रोख उचलू नका. तिथे वेगळी फी आणि पहिल्या दिवसापासून व्याज असतं. पोर्टलचा व्यवहार तुमची बँक साधी खरेदी धरते ना, एवढं फोन करून विचारा.

दोन अडचणी येऊ शकतात. काही पोर्टल दोन हप्त्यांत पैसे घेत नाहीत. तसं असेल तर सगळे १,५०० कार्डाने भरा आणि तुमचे ९०० लगेच कार्डाच्या बिलात टाका. ४५ डॉलर गेले तरी ते ४ तारखेच्या ६० पेक्षा कमीच. आणि बँकेतून भरताना खात्यात पैसे आहेत याची खात्री करा. पेमेंट परत गेलं तर लेट फीवर त्याचा वेगळा दंड बसतो, आणि हे कळेपर्यंत ४ तारीख उलटलेली असते. म्हणून ३ च्या रात्रीची वाट न बघता बँकेतले पैसे १ लाच भरा, आणि पावतीचा तारखेसकट स्क्रीनशॉट ठेवा.

त्याआधी आजच मॅनेजरला एक ईमेल पाठवा: नोकरी बदलली आहे, पहिला पगार १५ ला आहे, या महिन्याची लेट फी माफ कराल का? सोबत नव्या नोकरीचं ऑफर लेटर जोडा. हो म्हणाले तर ते लेखी घ्या, आणि त्यात नोटीसही देणार नाही हे स्पष्ट लिहून मागा. मग कार्डाचे २१ डॉलरही वाचतील. २ तारखेच्या संध्याकाळपर्यंत लेखी उत्तर आलं नाही, तर वाट न बघता कार्डाने भरून टाका.