कलरीमीटर मध्येच बिघडला, टीएंना ईमेलमध्ये काय लिहू?

*क्रिस्टल व्हायोलेट आणि सोडियम हायड्रॉक्साइडच्या प्रॅक्टिकलला दर ३० सेकंदांनी, १५ मिनिटं रीडिंग घ्यायचं होतं. सहा मिनिटांनंतर कलरीमीटर काहीही आकडे दाखवायला लागला. टीएंना कसं कळवू आणि पुढं काय करायचं हे कसं विचारू? माझीच चूक वाटेल अशी भीती आहे.*

चूक कोणाची, हे तुमचे आकडेच सांगतात. या अभिक्रियेत रंग फक्त फिका होत जातो, त्यामुळे शोषणांक उतरलाच पाहिजे. ०.३३ नंतर ०.४१, मग ०.२७, मग ०.४४ असं दिसत असेल तर ते रसायनामुळे होत नाही. पण क्युव्हेटच्या भिंतीला चिकटलेला बुडबुडा किंवा बोटाचा ठसाही अशा उड्या दाखवतो आणि टीए पहिली शंका तीच घेतील. म्हणून क्युव्हेट पुसून, नुसतं पाणी भरून पुन्हा ब्लँक बघायचा. सुरुवातीला ०.०० असलेला ब्लँक आता ०.०९ दाखवत असेल, तर शंका उपकरणाकडे जाते. ही तपासणी राहून गेली असेल तर ‘केली नाही’ असं सरळ लिहा. ‘दिवा गेला’ वगैरे निदान मात्र करू नका. तुम्ही पाहिलेलं तेवढंच सांगा.

आता हाताशी काय उरलं ते मोजा, कारण ईमेलमधला खरा प्रश्न त्यातूनच निघतो. शून्यापासून १५ मिनिटांपर्यंत ३१ रीडिंग्ज हवी होती, सहा मिनिटांपर्यंतची १३ मिळाली. समजा शोषणांक ०.८० वरून ०.३३ वर आला. ln A विरुद्ध वेळ या आलेखाचा उतार मिनिटाला साधारण ०.१५ येतो, म्हणजे अर्धायुष्य ४.६ मिनिटं. तुमच्याकडे जेमतेम १.३ अर्धायुष्यांचा डेटा आहे. दर स्थिरांक काढायला तो चालेल, पण अभिक्रिया पहिल्याच कोटीची आहे असं ठामपणे म्हणायला अपुरा आहे, कारण इतक्या छोट्या तुकड्यात पहिल्या आणि दुसऱ्या कोटीच्या रेषा जवळपास सारख्याच सरळ दिसतात.

नंतरची रीडिंग्ज ‘थोडी दुरुस्त करून’ वापरायचा मोह होईल, तो टाळा. १५ व्या मिनिटाला खरा शोषणांक ०.०८ च्या आसपास असतो. त्यात ब्लँकची ०.०९ मिसळली की आकडा दुप्पट होतो, ln A ची रेषा शेवटी आडवी वळते आणि आलेख उगाच दुसऱ्या कोटीचा भासतो. ०.०९ सगळीकडे वजा करूनही भागत नाही, कारण ब्लँक कधी सरकला हे माहीत नाही आणि आकडे वरखालीही उडत होते.

ईमेल त्याच दिवशी पाठवा. दुसऱ्या बॅचने उपकरण बंद करून चालू केलं की बिघाड दाखवता येत नाही. मजकूर साधारण असा:

> विषय: क्रिस्टल व्हायोलेट प्रॅक्टिकल, बॅच बी: ६ मिनिटांनंतरचा डेटा नाही
>
> नमस्कार सर,
>
> आजच्या प्रॅक्टिकलमध्ये टेबल ४ वरच्या कलरीमीटरने (स्टिकर क्रमांक ७) ६ मिनिटांनंतर चढउतार दाखवले: ०.३३, ०.४१, ०.२७, ०.४४. क्युव्हेट पुसून पाण्याचा ब्लँक घेतला, तो ०.०० ऐवजी ०.०९ आला. पहिली १३ रीडिंग्ज ln A च्या आलेखावर सरळ रेषेत आहेत, पण ब्लँक नेमका कधी सरकला ते सांगता येत नाही. उरलेली १८ रीडिंग्ज मी वापरलेली नाहीत.
>
> शक्य असल्यास दुसऱ्या कलरीमीटरवर प्रयोग पुन्हा करायची माझी इच्छा आहे, साधारण ४० मिनिटं लागतील. ते जमत नसेल तर १३ रीडिंग्जवरून दर स्थिरांक काढून, कोटीबद्दलची मर्यादा लिहून रिपोर्ट दिला तर चालेल का? रिपोर्ट शुक्रवारी द्यायचा आहे, म्हणून बुधवारपर्यंत कळवाल का?
>
> जर्नलच्या पानाचा फोटो जोडला आहे.
>
> नाव, रोल नंबर

नुसतं ‘काय करू?’ विचारलं की सगळा विचार टीएंवर पडतो आणि उत्तर लांबतं. पर्याय दिले की एका ओळीत उत्तर येतं. दुसऱ्या गटाचा डेटा घेणं हा तिसरा पर्याय असतो, पण तो मी शेवटी ठेवेन: त्यांच्या हायड्रॉक्साइडची संहती किंवा तापमान जरा वेगळं असेल तर उतारही वेगळा येतो, त्यामुळे तुमचे १३ बिंदू त्यांच्या १८ ना जोडता येत नाहीत. घ्यायचाच तर त्यांचा संच पूर्ण घ्या, परवानगी काढा आणि रिपोर्टमध्ये तो कोणाचा ते लिहा.

जर्नलमधली बिघडलेली रीडिंग्ज खोडरबराने पुसू नका. त्यांच्यावर एक आडवी रेघ मारा, आकडे वाचता येतील अशी, आणि शेजारी वेळ व कारण लिहा. फोटो त्यानंतर काढा.