भाजणे, विजेचा धक्का, रक्तस्राव: तिन्ही उत्तरं पाठ होती, तरी 10 पैकी 3 गुण

प्रश्न: मी आयटीआयला वीजतंत्री ट्रेड करतोय. गाइडमधले प्रथमोपचाराचे तिन्ही प्रश्न तोंडपाठ आहेत. चाचणीत एकच प्रसंग दिला, त्यात धक्का, भाजणे आणि रक्तस्राव तिन्ही होते. मी तिन्ही उत्तरं लिहिली, तरी 10 पैकी 3. सर म्हणाले, "क्रम बघ." नेमकं काय चुकलं?

उत्तर:

तुझं वाचून हसू आलं आणि पोटात गोळाही आला, कारण हाच घोळ मी घातलाय. मी डॉक्टर नाही, वायरिंगचं काम करतो. प्रथमोपचाराचा वर्ग दोनदा केलाय, दुसऱ्यांदा करायची वेळ का आली ते खाली येईलच. तुमच्या पुस्तकात एखादा आकडा वेगळा असेल तर पेपरात तोच लिही, माझ्यावर जाऊ नकोस.

माझ्या गाइडमध्ये भाजण्याचा प्रश्न पहिला होता. त्यामुळे प्रसंग वाचल्या वाचल्या हाताने आपोआप लिहिलं, "भाजलेल्या भागावर थंड पाणी ओतावे." दुसऱ्या परिच्छेदात, "वीजपुरवठा बंद करावा." तोंडी परीक्षेत परीक्षकांनी ती ओळ मलाच मोठ्याने वाचायला लावली आणि विचारलं, "माणूस अजून तारेला चिकटलेला आहे आणि तुम्ही बादली घेऊन आलात. आता प्रेतं किती?" नापास. वाक्य एकही चुकीचं नव्हतं, फक्त दोन वाक्यांची जागा उलटी होती.

त्यात भर म्हणजे कार्यालय. गुण कुठे गेले ते बघावं म्हणून उत्तरपत्रिका मागितली, तर एका टेबलावरून दुसऱ्यावर, तिथून "साहेब दौऱ्यावर आहेत". चौथ्या खेपेला कळलं की अर्जाची मुदत तिसऱ्या खेपेलाच संपली होती, तेही शिपायाने सांगितलं. असो. फी पुन्हा भरली, वर्ग पुन्हा केला.

आता एक प्रसंग घे. पिठाच्या गिरणीत मोटारीची जोडणी करताना कामगाराचा उजवा हात तारेला चिकटला. सुटल्यावर तो पत्र्याच्या कडेवर पडला. डाव्या हाताला कोपराखाली खोल जखम, रक्त उसळतंय. उजवा तळहात भाजलाय. प्रथमोपचार क्रमाने लिहा. मी आज असं लिहीन:

"प्रथम मेन स्विच बंद करेन. मेन हाताशी नसेल तर कोरड्या जागी उभा राहून कोरड्या लाकडाने तार बाजूला करेन. पुरवठा तुटल्याची खात्री होईपर्यंत त्याला स्पर्श करणार नाही, पाणीही वापरणार नाही. शेजारच्याला 108 ला फोन करायला सांगेन. हाक मारून, खांदा हलवून शुद्ध पाहेन. छाती हलते का ते जास्तीत जास्त 10 सेकंद पाहेन. श्वास नसेल किंवा नुसते आचके येत असतील तर छातीच्या मधोमध 5 ते 6 सेंमी खोल, मिनिटाला 100 ते 120 या गतीने दाब देईन. 30 दाबांनंतर 2 श्वास. त्याच वेळी दुसऱ्या माणसाला जखमेवर कापडाची घडी घट्ट दाबून धरायला सांगेन. श्वास चालू असेल तर रक्तस्राव मी स्वतः थांबवेन. घडी भिजली तर ती न काढता वर दुसरी ठेवेन. दाबूनही रक्त थांबत नसेल तर जखमेपासून 5 ते 7 सेंमी वर, कोपराचा सांधा टाळून, रुंद पट्टा आवळेन आणि वेळ लिहून ठेवेन. रक्त आटोक्यात आल्यावर उजव्या हातातली अंगठी, घड्याळ काढून तळहातावर 20 मिनिटे नळाचे साधे पाणी सोडेन. नंतर स्वच्छ, न चिकटणाऱ्या कापडाने सैल झाकेन. शुद्धीवर असला तरी रुग्णालयात पाठवेन."

भाजणं शेवटी आलं, कारण तळहाताला पाच मिनिटं उशीर झाला तर हात जास्त दुखावेल. श्वास किंवा उसळतं रक्त पाच मिनिटं तसंच राहिलं तर माणूस हातात राहत नाही. हळद, टूथपेस्ट, बर्फ, शाई वगैरे लावायचं नाही हे तुला माहीत असेलच, त्यात शिरत नाही.

"शुद्धीवर असला तरी" हे शब्द मात्र गाळू नकोस. विजेचं भाजणं वरून रुपयाएवढं दिसतं. वीज एका जागेतून आत शिरते, दुसरीकडून बाहेर पडते आणि मधले स्नायू आत शिजतात. म्हणून दुसरी जखम शोधायची, बहुतेक वेळा तळपायाला किंवा दुसऱ्या हाताला. हृदयाचे ठोके बिघडले असतील तर ते बाहेरून दिसत नाही, ईसीजी लागतो. लघवी चहासारखी गडद झाली तर ते डॉक्टरांना लगेच सांगायचं. भाजण्याच्या टक्केवारीचा नवाचा नियम (डोकं 9, एक हात 9, एक पाय 18) इथे फसवतो. उकळतं पाणी सांडलं असेल तर तो उपयोगी, विजेला नाही. परीक्षकांना हे वाक्य आवडतं असा माझा अनुभव, हमी नाही.

दुसरी खोच काठीची. तोंडी परीक्षेत हमखास विचारतात, "11 केव्हीच्या तारेला काठी चालेल?" नाही. काठी घरगुती दाबापुरती, तीही कोरडी. पावसाळ्यातला बांबू कोरडा समजू नये आणि ॲल्युमिनियमची शिडी तर नकोच. वरच्या दाबाला लांब उभं राहायचं, लोकांना लांब ठेवायचं आणि उपकेंद्राकडून लाइन बंद झाल्याचं पक्कं झाल्याशिवाय पुढे जायचं नाही. जमिनीतूनही धक्का बसतो.

जुन्या गाइडमध्ये आणि मीटर खोलीतल्या पिवळ्या पडलेल्या तक्त्यावर शेफर, सिल्व्हेस्टर, नील्सन अशा पद्धती सापडतील. पालथं घालून पाठ दाबणं, हात वर-खाली करणं. "शेफर पद्धत वर्णन करा" असाच प्रश्न आला तर लिही, गुण आहेत. प्रसंगाच्या उत्तरात मात्र नको. त्या फक्त फुप्फुसात हवा हलवतात, आणि धक्क्याने बहुधा हृदय थांबलेलं असतं. तसंच आवळलेला पट्टा दर 15 मिनिटांनी सैल करा असंही काही गाइड सांगतात. तो आता सैल करत नाहीत, डॉक्टर सोडवतात. तुमचे सर जुन्या मताचे असतील तर आधी त्यांना विचार, माझं नाव सांगू नकोस.

आणि "स्विच बंद करेन" असं न लिहिता "मेन बंद करेन" असं का लिहिलं, हे विचारलं तर उत्तर तयार ठेव. जुन्या घरांत कुणी स्विच न्यूट्रलमध्ये घातलेला असतो. तो बंद केला की दिवा विझतो आणि तारेत फेज तसाच उभा. मी एकदा असाच विझलेल्या दिव्यावर विश्वास ठेवला होता. तेव्हापासून खिशात टेस्टर असतो, आणि तोही आधी चालू पॉइंटला लावून पेटतो का ते बघूनच वापरतो.