रात्रपाळीत गोष्ट ऐकणारा रक्षक झोपलेला नसतो

प्रश्न: मी नुकताच रात्रपाळीचा सुरक्षारक्षक म्हणून लागलोय. रात्र सरता सरत नाही. इअरफोन लावून ऑडिओबुक किंवा पॉडकास्ट ऐकलं तर चालतं का? काय ऐकावं?

ऐका, जरूर ऐका. पण इअरफोन घरीच ठेवा. दोन्ही कानांत नको आणि एका कानातही नको.

रात्री आपल्याला काही दिसत नाही, जे कळतं ते कानाला कळतं. आवाज डावीकडून आला की उजवीकडून, हे ओळखायला दोन्ही कान मोकळे लागतात. तो एका कानाला आधी आणि जरा मोठा ऐकू येतो, दुसऱ्याला किंचित नंतर आणि बारीक. त्या फरकावरूनच आपल्याला दिशा समजते. एका कानात रबरी बोंड खुपसलं की खट्ट झालेलं ऐकू येतं, पण कुठे झालं ते नीट सांगता येत नाही. मग तुम्ही पुढच्या फाटकाकडे बॅटरी मारता आणि माणूस मागच्या भिंतीपाशी असतो.

मी फोन टेबलावर ठेवतो, त्याचा स्वतःचा स्पीकर माझ्याकडे आणि आवाज बारीक. माझी जागा एका मोठ्या गोदामाची. पुढे फाटक आणि केबिन, मागे माल चढवा-उतरवायचा धक्का, त्यापलीकडे कुंपणाची भिंत. संध्याकाळची माणसं गेली की पहाटेपर्यंत एखादीच गाडी येते. नवीन असताना मी गाणी लावायचो. गाण्यांनी वेळ जातो, पण झोप थांबत नाही. ओळखीचं गाणं असलं तर उलट डोळे मिटतात, कारण पुढे काय येणार ते डोक्याला आधीच ठाऊक असतं. एकदा माल उतरवायला सकाळपर्यंत थांबलेला एक ट्रकचालक केबिनच्या पायरीवर बसून फोनवर कादंबरी ऐकत होता. कुणीतरी एकच माणूस शांतपणे वाचत होता. मी दाराशी उभा राहून ऐकू लागलो. प्रकरण संपलं तेव्हा लक्षात आलं की रात्रीचा सगळ्यांत वाईट तास उलटून गेला होता आणि मला एक जांभईही आली नव्हती. ते ऍप कसं उतरवायचं ते त्यानेच मला दाखवलं.

हे सविस्तर सांगतोय त्याला कारण आहे. आमच्या त्या वेळच्या सुपरवायझर साहेबांनी मला याच गोष्टीवरून सगळ्यांसमोर कामचुकार म्हटलं होतं. ते अचानक तपासणीला आले. मी उभा राहिलो, सलाम केला, रजिस्टर पुढे केलं. नोंदी पूर्ण होत्या, किल्ल्या जागेवर होत्या. पण टेबलावर फोन बोलत होता. "पहारा करतोस की गोष्टी ऐकतोस?" एवढंच विचारून त्यांनी शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं, 'कामाकडे दुर्लक्ष'. धक्क्यावर ज्याची नेमणूक होती तो आमचा सहकारी त्याच वेळी खुर्चीत मान टाकून झोपलेला होता. त्याच्या नावापुढे काहीच आलं नाही, कारण साहेबांची मोटार फाटकात शिरली तेव्हा तिच्या आवाजाने तो जागा झाला होता.

पहाऱ्यावर काय होतं हे मला पुढे एका विज्ञानाच्या पॉडकास्टमध्ये नीट कळलं. नॉर्मन मॅकवर्थ या ब्रिटिश मानसशास्त्रज्ञाचं काम 1948 साली प्रसिद्ध झालं. महायुद्धात विमानातल्या रडारच्या पडद्यावर पाणबुड्यांची खूण शोधणारे सैनिक काही वेळाने खुणा का चुकवतात, हे त्याला शोधायचं होतं. त्याने एक घड्याळ केलं. काटा टप्प्याटप्प्याने पुढे सरकायचा आणि क्वचित एखाद्या वेळी एकदम दोन टप्पे उडी मारायचा. बसणाऱ्याने ती दुहेरी उडी तेवढी टिपायची, सलग दोन तास. पहिल्या अर्ध्या तासानंतरच माणसं जास्त उड्या चुकवू लागली. ती सैनिकी शिस्तीत वाढलेली माणसं होती, आळशी नव्हती. काहीच घडत नसलं की माणसाचं लक्ष आपोआप ढळतं.

मॅकवर्थने कुणाला कादंबरी ऐकवली नव्हती, त्यामुळे गोष्टीने पहारा सुधारतो हे त्याने सिद्ध केलं असं मी म्हणणार नाही. मी एवढंच म्हणतो की शांततेत बसलेला रक्षक जास्त सावध असतो, हा साहेबांचा समज चुकीचा आहे. त्यात पहाटे तीन ते पाचच्या सुमारास शरीराचं तापमान दिवसातलं सगळ्यांत कमी असतं आणि झोप अंगावर येते. त्या वेळी निव्वळ गप्प बसायला सांगणं म्हणजे झोपायला सांगणं आहे.

साहेबांचा दुसरा आक्षेप मात्र विचारात घेण्यासारखा होता: "बोलण्याच्या आवाजात बारीक खुडबुड ऐकू येणार नाही." याचं उत्तर तोंडी देऊन भागत नाही, ते तपासावं लागतं, आणि तुम्हीही हे पहिल्याच आठवड्यात तपासून घ्या. मी असं केलं. रात्री, दिवसा नाही, कारण दिवसा आजूबाजूच्या गोंगाटात कशाचाच अंदाज येत नाही. केबिनचा पंखा नेहमीसारखा चालू ठेवला. फोन टेबलावर ठेवून वाचन सुरू केलं. सोबत्याला मागच्या धक्क्यावर पाठवलं आणि सांगितलं की वाटेल तेव्हा साखळी हलव, शटरवर नखाने वाजव, खडीवर चार पावलं टाक. प्रत्येक वेळी त्याने फोनवर वेळ टिपली, आणि मी जे ऐकू आलं ते दिशेसह कागदावर लिहिलं. नंतर दोन्ही कागद ताडून पाहिले.

साखळी सहज ऐकू आली. शटरही आलं. खडीवरची पावलं सुटली. म्हणून फोनचा आवाज एक टप्पा खाली आणला आणि पुन्हा केलं, मग आणखी खाली. गंमत म्हणजे पावलं लपवणारा खरा चोर फोन नव्हता, पंखा होता. पंख्याची घरघर सतत आणि खालच्या पट्टीतली. असा आवाज आपल्यापेक्षा वरच्या पट्टीतले बारीक आवाजही गिळून टाकतो. माणसाच्या बोलण्यात निदान शब्दाशब्दात, वाक्यावाक्यात मोकळी जागा असते, तिच्यातून बाहेरचं ऐकू येतं. शिवाय पंखा घरघरतो म्हणून आपण फोन मोठा करतो, आणि मग दोन्ही मिळून कान बंद करतात. मी पंख्याचा वेग कमी करून खुर्ची दाराशी घेतली. त्यानंतर ज्या आवाजाला पावलं दर वेळी ऐकू आली, तो माझा कमाल आवाज ठरला. शब्द नीट कळत नाहीत म्हणून त्यापुढे बटण दाबायचं नाही. नाहीच कळत तर दुसरं पुस्तक निवडायचं.

हीच तपासणी मी साहेबांसमोर करायची तयारी दाखवली. ते स्वतः मागच्या भिंतीकडे गेले आणि बराच वेळ काहीच केलं नाही. मग घसा खाकरला, अगदी हळू. मी केबिनमधून बॅटरीचा झोत सरळ त्यांच्यावर टाकला. गोष्ट चालूच होती. त्यांनी शेरा खोडला नाही, पण त्यानंतर फोन बंद करायलाही सांगितलं नाही.

आता काय ऐकावं. नावं देत नाही, तुमची आवड मला माहीत नाही. पण एकच माणूस वाचतोय असं पुस्तक घ्या. संगीत आणि ध्वनिपरिणाम घातलेली नाट्यरूपांतरं पहाऱ्यावर पूर्णपणे टाळा. त्यांत दार करकरतं, पावलं वाजतात, काच फुटते, आणि दर वेळी तुम्ही उठता. त्याहून वाईट म्हणजे काही दिवसांनी उठायचं सोडून देता. दोघं-तिघं खिदळत गप्पा मारतात तशा पॉडकास्टमध्ये आवाज सारखा वरखाली होतो, तेही नको. इतिहास, प्रवास, चरित्रं, मोठ्या कादंबऱ्या उत्तम. भुताच्या गोष्टी ज्याला सोसतात त्याने ऐकाव्यात, मला त्यात अर्थ वाटत नाही. इंग्रजी समजत असेल तर लिब्रिवॉक्सवर स्वयंसेवकांनी वाचलेली, स्वामित्वहक्क संपलेली पुस्तकं 2005 पासून फुकट मिळतात. ऐकायचं ते घरूनच उतरवून आणा. 64 केबीपीएसची फाइल तासाला साधारण 29 एमबी होते, म्हणजे आठ तासांचं पुस्तक 230 एमबीच्या आसपास.

ऍपमधला झोपेचा टायमर उलट्या कामासाठी वापरा. पुढच्या फेरीला जितका वेळ उरलाय तितका तो लावायचा. गोष्ट थांबली की उठायचं, फोन केबिनमध्ये ठेवायचा आणि फेरी मारायची. फेरीत काहीही ऐकायचं नाही, यात तडजोड नाही. यातून आणखी एक गोष्ट कळते. गोष्ट थांबलेली तुमच्या ध्यानातच आली नाही, किंवा शेवटचं पान आठवत नाही, तर तुम्ही पेंगत होता. तसं झालं की मागे जाऊन तेच पुन्हा ऐकत बसू नका. बंद करा, तोंडावर पाणी मारा आणि उभं राहून पहारा करा. झोप डोळ्यांवर उतरल्यावर कुठलंच पुस्तक तिला अडवत नाही, आणि दिवसा झोप पुरी न करता आलेल्या माणसाला तर पहिल्या प्रकरणापासूनच नाही.

रजिस्टर लिहितानाही बंद करा. कान एक वाक्य ऐकत असताना हाताने दुसरं वाक्य नीट लिहून होत नाही. गाडीच्या क्रमांकात एक आकडा इकडचा तिकडे झाला तर जबाब तुम्हालाच द्यावा लागतो.

पत्र्यावर जोराचा पाऊस असेल तर ऐकू नका, कारण आवाज वाढवावाच लागतो. जिथे रुग्ण, लहान मुलं किंवा वायूगळतीचा इशारा अशा गोष्टींवर कान ठेवायचा असतो, किंवा कॅमेऱ्यांच्या पडद्यांसमोर बसायचं असतं, तिथे माझं हे सगळं लागू नाही. आणि तुमच्या नेमणुकीच्या पत्रात फोन वापरायला मनाई लिहिली असेल, तर आधी लेखी परवानगी मागा. मागताना वरची तपासणी करून दाखवतो म्हणा. नुसतं "झोप येते म्हणून ऐकतो" म्हणालात तर ते 'झोप येते' एवढंच लिहून घेतील.