रेटिंगच्या अर्धवट तक्त्याचे अवयव पाडताना रिकामी चौकट शून्य का मानू नये

प्रश्न: आमच्या फोंड्याच्या फिल्म सोसायटीतील ४० सभासदांनी ६० चित्रपटांना १ ते ५ या मापात दिलेली रेटिंगे मी एका तक्त्यात भरली आहेत. २४०० चौकटींपैकी ७०० भरलेल्या आहेत आणि त्यांची सरासरी ३.६ आहे. रिकाम्या जागी ० घालून `np.linalg.svd` ने तक्त्याचे अवयव पाडले. रँक २ ठेवली की न पाहिलेल्या चित्रपटांचे अंदाज १ च्या आसपास येतात, रँक ३० ठेवली की दिलेली रेटिंगे जवळजवळ तशीच परत मिळतात, पण उरलेल्या जागी ० च्या जवळचे आकडे येतात. कुठे चुकते आहे? जाणकारांनी कृपया सांगावे.

उत्तर:

तुमचा प्रोग्राम बरोबर चालला आहे, पण त्याला दिलेला तक्ता तुमच्या सभासदांचा नाही. १ ते ५ च्या मापात ० म्हणजे अत्यंत नावडत्या चित्रपटापेक्षाही खालचे मत होते, आणि असे मत तुम्ही १७०० ठिकाणी सभासदांच्या नावावर लिहिले आहे. ७०० चौकटींची सरासरी ३.६ असेल तर शून्यांसह सगळ्या तक्त्याची सरासरी ७०० × ३.६ ÷ २४०० म्हणजे १.०५ येते. रँक २ चा अंदाज त्याच आकड्याभोवती फिरतो, आणि रँक वाढवत नेली की तो तुम्ही लिहिलेली शून्येच अधिकाधिक अचूकपणे परत देतो.

हा गोंधळ बराचसा नावामुळे होतो. नेटफ्लिक्सने २००६ मध्ये जाहीर केलेल्या, रेटिंगांचा अंदाज बांधण्याच्या स्पर्धेत सायमन फंक या नावाने लिहिणाऱ्या स्पर्धकाने आपली रीत डिसेंबर २००६ मध्ये उघड केली आणि तिला लोक ‘एसव्हीडी’ म्हणू लागले. प्रत्यक्षात त्याने फक्त भरलेल्या चौकटींवरची चूक कमी करत नेली होती. रिकाम्या चौकटींना त्याच्या हिशेबात जागाच नव्हती. गणिताच्या पुस्तकातील एसव्हीडीला मात्र पूर्ण भरलेलाच तक्ता लागतो. नाव एक आणि रीती दोन असल्याने तुमच्यासारखी चूक सहज घडते.

आता मूळ मुद्दा असा की, रिकाम्या चौकटीविषयी काही सांगता येते ते कशाच्या बळावर? समजण्यासाठी एक लहान तक्ता घेऊ. क, ख आणि ग हे सभासद आहेत, अ ते ई हे चित्रपट आहेत.

| | अ | आ | इ | ई |
|---|---|---|---|---|
| क | ५ | १ | ४ | ? |
| ख | १ | ५ | ? | ४ |
| ग | ४ | २ | ? | ? |

प्रत्येक रेटिंगमधून मधला आकडा ३ वजा करा. क ची ओळ +२, −२, +१ अशी होते, ख ची −२, +२, रिकामी, +१ आणि ग ची +१, −१. आता दिसते की, जिथे दोघांचीही मते आहेत तिथे ख ची ओळ म्हणजे क ची ओळ गुणिले −१, आणि ग ची ओळ म्हणजे क ची ओळ गुणिले अर्धा. सगळ्या ओळी अशा एकाच ओळीच्या पटीत असल्या की त्या तक्त्याची रँक १ असते. हे एकदा गृहीत धरले की रिकाम्या जागा आपोआप ठरतात: ख साठी इ चे विचलन −१, म्हणजे रेटिंग २, क साठी ई चे विचलन −१, म्हणजे २, आणि ग साठी इ चे ३.५ व ई चे २.५. गंमत अशी की, ई हा चित्रपट क आणि ग या दोघांनीही पाहिलेला नाही, तरी ख च्या उलट आवडीतून तो त्यांच्यापर्यंत पोहोचला.

अवयव पाडणे म्हणजे हीच गोष्ट संख्यांत लिहिणे. प्रत्येक सभासदाला एक संख्या (१, −१, ०.५), प्रत्येक चित्रपटाला एक संख्या (२, −२, १, −१), आणि विचलन म्हणजे दोघांचा गुणाकार. रँक २ असेल तर प्रत्येकाला दोन-दोन संख्या मिळतात आणि दोन गुणाकारांची बेरीज होते. या संख्यांना ‘विनोदाची आवड’ किंवा ‘संथ चित्रपटांची आवड’ अशी नावे देण्याचा मोह होतो, पण मी तो टाळतो. रँक २ पासून पुढे या संख्या फिरवून वेगळ्या लिहिल्या तरी गुणाकारांची बेरीज तीच राहते, त्यामुळे एकेका स्तंभाला स्वतःचा अर्थ नसतो.

रँक किती ठेवावी याचा पहिला अंदाज मोजणीतून मिळतो. m ओळी आणि n स्तंभ असलेल्या r रँकच्या तक्त्यात मोकळ्या संख्या r(m+n−r) इतक्या असतात. वरच्या लहान तक्त्यात त्या ६ आहेत आणि आपल्याकडे ८ रेटिंगे होती, म्हणून उत्तर ठरले. तुमच्या तक्त्यात रँक २ साठी २ × ९८ = १९६ अज्ञात आणि हाताशी ७०० रेटिंगे आहेत. रँक ७ ला अज्ञात ६५१ होतात आणि रँक ८ ला ७३६, म्हणजे तिथून पुढे माहितीपेक्षा अज्ञातच जास्त. रँक ३० चा विचारही तुमच्या तक्त्यावर करू नये. नेटफ्लिक्सच्या तक्त्यात ४,८०,१८९ ग्राहक आणि १७,७७० चित्रपट होते आणि जेमतेम १.२ टक्के चौकटी भरलेल्या होत्या, तरीही त्या १० कोटींहून अधिक रेटिंगे होती. तिथे रँक ५० ला सुमारे २ कोटी ४९ लाखच अज्ञात होतात, म्हणून तेवढी मोठी रँक पेलली. तक्ता किती टक्के भरला आहे यापेक्षा हे प्रमाण पाहणे मला अधिक उपयोगी वाटते.

खरी रेटिंगे मात्र लहान तक्त्याइतकी काटेकोर नसतात. घ नावाचा चौथा सभासद अ आणि आ या दोन्हींना ५ देतो असे समजा. त्याची विचलने +२ आणि +२; रँक १ च्या हिशेबाने त्याची संख्या (२×२ + (−२)×२) ÷ ८ = ० येते आणि त्याला सगळेच चित्रपट मध्यम वाटतील असा चुकीचा निष्कर्ष निघतो. घ ची आवड वेगळी नाही, त्याचा हात सैल आहे. म्हणून आधी एकूण सरासरी, मग सभासदाचा सैल किंवा आखडता हात, मग चित्रपटाचे सर्वसाधारण चांगले-वाईटपण वजा करावे, आणि उरलेल्या भागाचेच अवयव पाडावेत. रेटिंगांमधल्या फरकांचा मोठा वाटा बहुतेक वेळा या साध्या वजाबाकीतच संपतो.

अवयव काढण्यासाठी लहान तक्त्याला आलटून-पालटून लघुतम वर्गांची रीत मला सर्वांत सोयीची वाटते. चित्रपटांच्या संख्या काही काळ पक्क्या धरल्या की प्रत्येक सभासदाचा प्रश्न सुटा होतो, आणि त्यात त्याने पाहिलेलेच चित्रपट येतात. मग सभासद पक्के धरून चित्रपटांच्या संख्या काढायच्या. खालील कोडमध्ये `D` म्हणजे वजाबाकी झालेला तक्ता आणि `M` म्हणजे भरलेल्या चौकटीसाठी `True` असलेला तक्ता.

```python
import numpy as np

def als(D, M, r=2, lam=2.0, rounds=50, seed=0):
    rng = np.random.default_rng(seed)
    m, n = D.shape
    U, V = np.zeros((m, r)), rng.normal(0, 0.1, (n, r))
    L = lam * np.eye(r)
    for _ in range(rounds):
        for i in range(m):
            A = V[M[i]]
            U[i] = np.linalg.solve(A.T @ A + L, A.T @ D[i, M[i]])
        for j in range(n):
            B = U[M[:, j]]
            V[j] = np.linalg.solve(B.T @ B + L, B.T @ D[M[:, j], j])
    return U, V
```

यातील `lam` काय करतो ते ग वर पाहा. त्याची संख्या ४ ÷ ८ = ०.५ होती; `lam` २ घेतला की ती ४ ÷ १० = ०.४ होते आणि इ चा अंदाज ३.५ वरून ३.४ वर येतो. ज्याने फक्त अ पाहून ५ दिले, त्याची संख्या ४ ÷ ४ = १ ऐवजी ४ ÷ ६ = ०.६७ होते. पुरावा जितका थोडा, तितका अंदाज सरासरीकडे अधिक ओढला जातो, आणि ज्याने काहीच पाहिले नाही त्याची संख्या थेट ० येते. `lam` फार वाढवला तर सगळ्याच संख्या ० होतात, म्हणून १ ते १० मधली काही मूल्ये करून पाहावीत.

रँक आणि `lam` यांची निवड भरलेल्या चौकटींवरच्या चुकीवरून कधीही करू नका. ती चूक रँकबरोबर कमी होतच जाते. यादृच्छिक ७० रेटिंगे बाजूला ठेवा, वजाबाकीच्या सरासऱ्यासुद्धा उरलेल्या ६३० वरूनच काढा, आणि झाकलेल्या ७० वर किती चुकते ते मोजा. ७० हा आकडा लहान आहे, म्हणून ही वाटणी दहा वेळा बदलून सरासरी घ्यावी. तुलना नेहमी नुसत्या वजाबाकीच्या अंदाजाशी करावी. रँक १ त्याला हरवत नसेल तर तुमच्या तक्त्यातून आवडीची दिशा अजून दिसत नाही, आणि तिथे वजाबाकीवरच थांबणे योग्य.

चौकटी रिकाम्या का राहिल्या हेही पाहायला हवे. घरी बसून चित्रपट निवडणारा माणूस जे आवडेलसे वाटते तेच पाहतो, त्यामुळे त्याच्या भरलेल्या चौकटींवरून रिकाम्यांबद्दल बोलले की अंदाज वर सरकतात. सोसायटीत जो खेळ असेल तो सर्वांनी पाहायचा असतो. मुसळधार पावसामुळे किंवा चवथीला गावी गेल्यामुळे चुकलेला खेळ आवडीबद्दल काही सांगत नाही, आणि ही तुमच्या तक्त्याची मोठी जमेची बाजू आहे. पण काही सभासद फक्त मराठी किंवा कोंकणी चित्रपटांनाच येत असतील, तर त्यांच्या बाबतीत हा फायदा उरत नाही.

शेवटी एक दोष, जो झाकलेल्या रेटिंगांच्या चाचणीतही सापडत नाही. आमच्या मंडळाचे खेळ म्हापशात आणि डिचोलीत वेगवेगळे होत, आणि सुरुवातीला दोन्हीकडे जाणारा एकही सभासद नव्हता, सामायिक चित्रपटही नव्हता. झाकलेल्या रेटिंगांवरची चूक उत्तम होती. पण `seed` बदलला की म्हापशाच्या सभासदाला डिचोलीचा जो चित्रपट ३.५ ने सुचवला जाई, तोच २.५ वर येई. कारण सरळ आहे: डिचोलीच्या सभासदांच्या आणि चित्रपटांच्या सगळ्या संख्यांना −१ ने गुणले तरी तिथल्या एकाही भरलेल्या चौकटीत फरक पडत नाही, फक्त दोन गावांमधले अंदाज उलटतात. त्यानंतर आम्ही पाच चित्रपट दोन्ही ठिकाणी दाखवले, तेव्हा ते अंदाज स्थिर झाले. रँक १ ला असे थोडे दुवे पुरतात. रँक वाढली की जास्त लागतात. तुम्ही दहा वेगवेगळ्या `seed` वर `U @ V.T` काढा, आणि ज्या चौकटींचा अंदाज दर वेळी बदलतो त्या चौकटींमधून कोणालाही काहीही सुचवू नका.